ऑक्सिजन एक पायरी खाली का उतरतो?

अकरावीच्या रसायनशास्त्रात आवर्तसारणीचा धडा आला की दोन वाक्यं सगळ्यांचीच पाठ होतात. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणूचा आकार लहान होत जातो आणि आयनीभवन ऊर्जा वाढत जाते; गणात वरून खाली येताना नेमकं उलट होतं. मग धड्याच्या शेवटच्या टिपांमध्ये बारीक अक्षरात बोरॉन, ऑक्सिजन, गॅलियम अशी काही नावं ‘अपवाद’ म्हणून येतात, आणि परीक्षेत प्रश्न हमखास त्यांच्यावरच पडतो. उत्तरही ठरलेलं असतं: ‘अर्धे भरलेले उपकवच अधिक स्थिर असते.’ एवढं लिहिलं की पूर्ण गुण मिळतात, आणि खरं कारण मात्र तसंच राहून जातं.

दुसऱ्या आवर्तापासून सुरुवात करू. लिथियमच्या अणूची त्रिज्या १५२ पिकोमीटर आहे. एका मीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोमीटर. पुढे बेरिलियम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६ आणि फ्लुओरिन ६४. दर घरात एक इलेक्ट्रॉन वाढतो आहे आणि अणू मात्र आकसतो आहे, हे पहिल्यांदा वाचताना खटकतं. खटकायलाच हवं.

याचा उलगडा केंद्रकात आहे. इलेक्ट्रॉन वाढतो तसा केंद्रकातला धनप्रभारही एकेकाने वाढतो. बाहेरच्या इलेक्ट्रॉनला ती सगळी ओढ जाणवत नाही, कारण मधल्या इलेक्ट्रॉनांचा आडोसा असतो. पण हा आडोसा सगळे सारखा देत नाहीत. आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन चांगला आडोसा देतात. एकाच कवचात शेजारी असलेले फारसा देत नाहीत. जॉन स्लेटर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९३० मध्ये यासाठी एक कामचलाऊ हिशेब बसवून दिला. आतल्या कवचातला प्रत्येक इलेक्ट्रॉन ०.८५ प्रभार झाकतो आणि त्याच कवचातला सोबती ०.३५ झाकतो, असं धरायचं. लिथियमच्या केंद्रकावर ३ प्रभार. आतल्या दोन इलेक्ट्रॉनांनी १.७ झाकला, म्हणून बाहेरच्या एकुलत्या इलेक्ट्रॉनला जाणवतो १.३. कार्बनमध्ये ६ मधून आतल्या दोघांचे १.७ आणि सोबतच्या तिघांचे १.०५ वजा केले की उरतात ३.२५. फ्लुओरिनपर्यंत हा आकडा ५.२ वर जातो. कवच तेच, ओढ चौपट. अणू आकसणार नाही तर काय होईल?

आयनीभवन ऊर्जा म्हणजे याच ओढीचं मोजमाप. वायुरूपातल्या सुट्या अणूचा सर्वांत सैल इलेक्ट्रॉन काढून घ्यायला जी ऊर्जा लागते ती. लिथियमसाठी ती मोलला ५२० किलोज्यूल आहे. म्हणजे जेमतेम सात ग्रॅम लिथियमच्या प्रत्येक अणूचा एकेक इलेक्ट्रॉन काढायला जेवढी ऊर्जा लागेल, तेवढ्यात घरातलं दीड लिटर पाणी उकळीला येईल. आवर्ताच्या दुसऱ्या टोकाला निऑनसाठी हीच ऊर्जा २०८० आहे.

मधली चढण मात्र सरळ नाही. बेरिलियम ८९९, पण पुढचा बोरॉन ८०१. नायट्रोजन १४०२, पण ऑक्सिजन १३१४. दोन ठिकाणी आलेख खाली येतो, आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

बोरॉनचं आधी उरकू. बेरिलियमचे बाहेरचे दोन्ही इलेक्ट्रॉन २एस उपकवचात असतात. एस इलेक्ट्रॉनचं वैशिष्ट्य असं की आतल्या कवचाला भेदून तो काही अंशी थेट केंद्रकाजवळ सापडतो, म्हणून घट्ट बांधलेला राहतो. बोरॉनचा पाचवा इलेक्ट्रॉन २पी मध्ये जातो. पी इलेक्ट्रॉनला केंद्रकाच्या तितकं जवळ जाता येत नाही आणि आडोसा जास्त जाणवतो. केंद्रकाचा प्रभार एकाने वाढूनही निघणारा इलेक्ट्रॉन सैल असतो तो यामुळे. स्लेटरच्या हिशेबात एस आणि पी एकाच गटात धरलेले आहेत, त्यामुळे तो हिशेब कितीही काळजीपूर्वक केला तरी बोरॉनची ही घसरण त्यात दिसत नाही. ढोबळ नियम कुठवर चालवायचा, ते अशा जागी कळतं.

ऑक्सिजनची गोष्ट जास्त रंगतदार आहे. पी उपकवचात तीन कक्षक असतात. बोरॉन, कार्बन, नायट्रोजन या तिघांमध्ये एकेक इलेक्ट्रॉन एकेका कक्षकात स्वतंत्र बसतो. ऑक्सिजनचा चौथा पी इलेक्ट्रॉन येतो तेव्हा रिकामा कक्षक उरलेला नसतो. त्याला आधीच भरलेल्या कक्षकात जोडीने बसावं लागतं. दोन ऋणप्रभार एकाच जागेत आले की त्यांचं एकमेकांना ढकलणं वाढतं. याला आणखी एक पदर आहे. समान फिरकीचे इलेक्ट्रॉन पुंजभौतिकीच्या नियमामुळे आपोआपच एकमेकांपासून दूर राहतात आणि त्यामुळे ऊर्जा वाचते. नायट्रोजनचे तिन्ही पी इलेक्ट्रॉन समान फिरकीचे आहेत. ऑक्सिजनचा चौथा उलट फिरकीचा, त्यामुळे त्याच्या वाट्याला ही बचत येत नाही. तो काढून घेणं सोपं जातं.

‘अर्ध्या भरलेल्या उपकवचाची स्थिरता’ हे उत्तर ऐकून असं वाटतं की विशेष आहे तो नायट्रोजन, आणि त्याच्या पुढे सगळं पूर्ववत होतं. पण आकड्यांकडे नीट पाहा. बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२. दर पायरीला साधारण तीनशेची वाढ. त्याच चालीने ऑक्सिजन सतराशेच्या वर हवा होता. तो चारशेने कमी आहे. तिथून फ्लुओरिन १६८१ आणि निऑन २०८०, म्हणजे पुन्हा जवळपास तशाच, किंबहुना जरा उंच पायऱ्या. याचा अर्थ एकटा ऑक्सिजन घसरलेला नाही. ऑक्सिजन, फ्लुओरिन आणि निऑन हे तिघेही खालच्या पातळीवर सरकलेले आहेत, कारण तिघांतूनही निघणारा इलेक्ट्रॉन जोडीतला असतो. नायट्रोजनवर फुगवटा आलेला नसून त्याच्यानंतरचा सगळा जिनाच खाली बसला आहे.

हे कारण खरं की नंतर जुळवलेलं, याची पडताळणीही करता येते. आधी एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनातून दुसरा काढायचा. ऑक्सिजनचा एक इलेक्ट्रॉन गेला की उरलेल्या आयनात नायट्रोजनसारखे तीन सुटे पी इलेक्ट्रॉन राहतात, आणि जोडीची अडचण आता फ्लुओरिनच्या आयनाकडे जाते. कारण बरोबर असेल तर घसरण एक घर पुढे सरकायला हवी. तसंच होतं. दुसरी आयनीभवन ऊर्जा नायट्रोजनची २८५६, ऑक्सिजनची ३३८८ आणि फ्लुओरिनची ३३७४. घसरण ऑक्सिजनवरून उठून फ्लुओरिनवर आली. तिसऱ्या आवर्तात फॉस्फरस आणि गंधक यांच्यामध्येही हीच पायरी आहे, पण जेमतेम दहा-बारा किलोज्यूलची. तिथे कक्षक मोठे आहेत, म्हणून जोडीतल्या इलेक्ट्रॉनांची ढकलाढकली कमी.

आकाराच्या तक्त्यातही एक अपवाद असतो आणि तो मात्र निव्वळ मोजण्यातून आलेला आहे. अणूला कड नसते. दोन क्लोरीन अणूंच्या केंद्रकांमधलं अंतर १९८ पिकोमीटर भरतं, त्याचं निम्मं ९९ ही क्लोरीनची त्रिज्या धरतात. निऑन बंधच करत नाही. मग त्याच्यासाठी एकमेकांना केवळ टेकलेल्या अणूंमधलं अंतर घ्यावं लागतं, आणि ते साहजिकच मोठं येतं. म्हणून फ्लुओरिननंतर निऑन अचानक अडीचपट फुगल्यासारखा दिसतो. दोन वेगळ्या मापांचे आकडे एका रांगेत लावल्याचा हा परिणाम आहे, त्याला आवर्ती कल म्हणता येणार नाही.

गणात खाली येताना नवं कवच येतं आणि अणू मोठा होतो, हा नियम तेराव्या गणात अडखळतो. ॲल्युमिनियमची त्रिज्या १४३, त्याखालच्या गॅलियमची १३५. कारण या दोघांच्या मध्ये स्कँडियमपासून जस्तापर्यंतची दहा मूलद्रव्यं येऊन बसली आहेत. केंद्रकावर दहा प्रभार जास्तीचे चढले आणि बदल्यात मिळाले दहा डी इलेक्ट्रॉन, जे आडोसा देण्यात फार कच्चे. आयनीभवन ऊर्जाही त्यामुळे कमी होत नाही: ॲल्युमिनियम ५७७, गॅलियम ५७९.

एफ इलेक्ट्रॉन तर डीपेक्षाही कच्चे. झिर्कोनियमच्या खाली हाफ्नियम आहे आणि मधल्या वाटेत चौदा एफ इलेक्ट्रॉन भरले गेले आहेत. एक अख्खं कवच वाढूनही झिर्कोनियमची त्रिज्या १६० आणि हाफ्नियमची १५९ पिकोमीटर. बाहेरचे इलेक्ट्रॉन सारखे, आकारही सारखा, त्यामुळे दोघांचं रसायन इतकं जुळतं की झिर्कोनियम १७८९ पासून माहीत असूनही त्याच्या खनिजात दडलेलं हाफ्नियम कोणाच्या हाती लागलं नाही. ते १९२३ मध्ये कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेसी यांनी क्ष-किरणांच्या वर्णपटातून ओळखलं. क्ष-किरण केंद्रकाच्या प्रभाराचा माग देतात, आणि तिथे दोघांत ४० आणि ७२ इतका फरक आहे. त्यामुळे बाहेरून जुळी दिसणारी मूलद्रव्यं वेगळी करता आली.

हे जुळेपण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही येऊन भिडतं. तारापूरच्या पहिल्या अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्यांच्यात युरेनियमच्या गोळ्या ज्या नळ्यांत भरतात त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात, कारण झिर्कोनियम न्यूट्रॉन जवळजवळ शोषत नाही. हाफ्नियम मात्र त्याच्या पाचशेपटीहून जास्त शोषतं. समुद्रकाठच्या वाळूतून मिळणाऱ्या झिरकॉनमध्ये झिर्कोनियमच्या सोबतीला दोन टक्क्यांच्या आसपास हाफ्नियम येतंच, आणि तेवढंही नळीत राहिलं तर न्यूट्रॉन वाया जातात. म्हणून हैदराबादच्या अणुइंधन संकुलात ते वेगळं काढावं लागतं. नायट्रिक आम्लातल्या द्रावणाला ट्रायब्युटिल फॉस्फेट हा विद्रावक भेटवतात. झिर्कोनियम विद्रावकात जरा जास्त ओढलं जातं, हाफ्नियम पाण्यात मागे राहतं. हा ‘जरा’च असल्यामुळे एकदा करून भागत नाही. हाफ्नियम टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास येईपर्यंत तेच पुन्हा पुन्हा, टप्प्याटप्प्याने करावं लागतं.