आंब्याच्या पैशातून मुलाची आरडी

दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने आरडी उघडता येते. महिन्याला १०० रुपये भरले, तर पाच वर्षांत ६,००० जमा होतात, ६.७ टक्के दराने हाती सुमारे ७,१३७ येतात. हप्ता चुकला, तर शंभरामागे दरमहा १ रुपया दंड पडतो आणि सलग चार चुकले, तर खातं खंडित होतं.

रत्नागिरीतल्या बागायतदाराकडे पैसा येतो तो हंगामात. त्यांनी मे महिन्यातच वर्षाचे १२ हप्ते आगाऊ भरावेत. ४० रुपये सूट मिळून १,१६०च लागतात. पेट्या भरायला मदत केल्याची मुलाची मजुरी त्यातच घाला आणि पोस्टातली स्लिप त्यालाच लिहू द्या.