नापासाच्या वहीत लिहावी अशी ओळ

दहावीत गणित राहिलं की घरात धीराच्या ओळींचा पाऊस पडतो. ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हे वाक्य मुलांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते कानावरून जातं. उभारी देणारी ओळ नेमकी हवी, आणि ती उत्तरपत्रिकेत सापडते.

बोर्डाकडे अर्ज आणि शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. ती घ्या. पुनर्मूल्यांकन मागायचं असेल तरी आधी तीच लागते. मग लाल पेन्सिल घेऊन गेलेला प्रत्येक गुण तपासा: प्रश्न सोडलाच होता, रीत येत नव्हती, की रीत बरोबर असून आकडेमोड चुकली?

समजा २८ गुण आहेत. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात, म्हणजे कमी पडले फक्त सात. त्यातले तीन आकडेमोडीत गेले आणि चार भूमितीच्या सोडून दिलेल्या रचनेत, असं दिसलं तर वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं: ‘मला सात गुण हवेत, रोज एक रचना, आणि प्रत्येक उत्तराचा ताळा.’ ‘मी गणितात ढ आहे’ या वाक्यापुढे काही करता येत नाही, या वाक्यापुढे येतं.

सराव मात्र पुस्तक मिटून करावा. सोडवलेलं गणित पुन्हापुन्हा वाचलं की येतंय असं वाटतं, कोऱ्या कागदावर खरं कळतं.

पुरवणी परीक्षेच्या अर्जाची मुदत निकालानंतर लवकर संपते. शाळेत जाऊन तारीख आजच विचारा.