डब्याच्या तळाशी छापलेला क्रमांक

आईचे दूध पुरत नाही किंवा वैद्यकीय कारणाने देता येत नाही, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने तान्ह्या बाळाला जे वरचे दूध दिले जाते, त्याच्या पावडरीचा डबा कवठे येमाईसारख्या गावात कधी जवळच्या मेडिकलमधून, कधी शिरूर, मंचर किंवा पुण्याहून, तर कधी परदेशी असलेल्या नातेवाइकांच्या सामानातून येतो. डब्याविषयी शंका आली की घरातले लोक त्याचा फोटो काढून परिचारिकेला किंवा ओळखीच्या डॉक्टरांना पाठवतात. बहुतेक वेळा हा फोटो डब्याच्या दर्शनी बाजूचा असतो आणि तिथे नाव व रंग यांपलीकडे फारसे काही नसते. खरी माहिती असते ती तळाशी, शाईच्या बारीक ठिपक्यांनी छापलेल्या एक-दोन ओळींत. बॅच क्रमांक म्हणजे एकाच वेळी, एकाच मिश्रणातून तयार झालेल्या मालाला दिलेली ओळख, आणि कारखान्यात काही चूक झाल्याचे नंतर उघड झाले तर दोषी डबे शोधण्याचा तोच मुख्य धागा असतो.

हा धागा कसा वापरला जातो, हे अमेरिकेतील 2022 च्या प्रकरणावरून नीट समजते. मिशिगन राज्यातील स्टर्जिस येथील कारखान्यात तयार झालेली अॅबट कंपनीची काही बालदूध पावडर 17 फेब्रुवारी 2022 रोजी बाजारातून परत मागवण्यात आली, कारण ती घेतलेल्या बाळांच्या आजारपणाच्या तक्रारी आल्या होत्या आणि क्रोनोबॅक्टर या जिवाणूचा संशय होता. पालकांना तीन गोष्टी तपासायला सांगण्यात आल्या: क्रमांकाचे पहिले दोन अंक 22 ते 37 यांच्या दरम्यान आहेत का, त्यात K8, SH किंवा Z2 यांपैकी एखादी जोडी आहे का, आणि वापराची मुदत 4-1-2022 किंवा त्यानंतरची आहे का. तिन्ही अटी जुळल्या तरच, आणि डब्यावरचे नाव यादीतल्या तीन नावांपैकी असले तरच, तो डबा बाजूला ठेवायचा होता. इथे भारतीय वाचकाची सहज फसगत होऊ शकते, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून 4-1-2022 ही तारीख 4 जानेवारी नसून 1 एप्रिल आहे. परदेशातून आलेल्या डब्याची मुदत वाचताना हा फरक लक्षात ठेवावाच लागतो.

पुढे 28 फेब्रुवारीला याच कारखान्यातील आणखी एका उत्पादनाची एक बॅच यादीत जोडण्यात आली. तिचा डब्यावरचा क्रमांक 27032K80 होता, तर ते डबे ज्या खोक्यात होते त्यावर 27032K800 असे लिहिले होते. हा क्रमांक पहिल्या सूचनेच्या कसोटीला लावून पाहिला, तर सुरुवातीचे 27 हे अंक 22 ते 37 मध्ये बसतात आणि पुढे K8 ही जोडीही सापडते, तरीही ते उत्पादन पहिल्या सूचनेत समाविष्ट नसल्यामुळे 17 तारखेला तपासणाऱ्या पालकाला तो डबा निर्धोक वाटू शकला असता. म्हणून दर्शनी नाव आणि तळाचा क्रमांक हे दोन्ही फोटो एकत्र जपून ठेवले, तरच आठवडाभराने निघालेली नवी सूचना त्यांच्याशी ताडून पाहता येते. खोक्यावरच्या क्रमांकात एक शून्य जास्त आहे, एवढ्यावरून माल बनावट ठरत नाही.

आपल्याकडे याहून मोठी अडचण घराघरांत तयार होते आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. भारतात ही पावडर डब्याबरोबरच पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या रिफिल पाकिटातही मिळते. ती स्वस्त पडते, म्हणून पाकीट जुन्या डब्यात ओतले जाते आणि खोके चुलीत किंवा कचऱ्यात जाते. त्यानंतर डब्याच्या तळाचा फोटो कितीही स्पष्ट काढला, तरी तो काही महिन्यांपूर्वी संपलेल्या पावडरीची बॅच आणि मुदत सांगत असतो, आणि आतल्या पावडरीची ओळख कायमची हरवलेली असते. नाव बदलले असेल तर जुन्या डब्यातला मापचमचाही चुकीचा ठरतो, कारण प्रत्येक पावडरीचा चमचा तिच्याच घनतेनुसार बनवलेला असतो. पाकीट मूळ खोक्यासहच स्वच्छ, कोरड्या डब्यात ठेवावे, किंवा निदान ओतण्यापूर्वी क्रमांकाचा फोटो घ्यावा.

प्लॅस्टिकच्या झाकणाखाली जो चंदेरी फॉइलचा पडदा असतो, तो डब्याचे खरे सील असते. पावडरीतील स्निग्ध पदार्थ हवेतील ऑक्सिजनने खवट होऊ नयेत म्हणून भरताना डब्यात नायट्रोजनसारखा वायू सोडतात आणि पडदा त्याला कोंडून ठेवतो. पडद्यावर टोचल्याचे भोक, कडेला सुटलेला भाग, पुन्हा चिकटवल्याच्या खुणा किंवा काठावर सांडलेली पावडर दिसली तर ती पावडर बाळाला देऊ नये. मात्र पडदा किंचित फुगलेला असणे एवढ्यावरून डबा नासला असे ठरत नाही: समुद्रसपाटीजवळ भरलेला डबा पाच-सहाशे मीटर उंचीच्या पठारावर आला की बाहेरचा हवेचा दाब सुमारे सहा-सात टक्क्यांनी कमी होतो, उन्हाने आतला वायूही प्रसरण पावतो, आणि पडदा वर येतो.

छपाईतही पुष्कळ काही दिसते. शाईने छापलेली मुदत द्रावकाने पुसून नवी छापता येते, आणि तसे झाले असेल तर तिरक्या उजेडात जुन्या ठिपक्यांची पुसट सावली, धातूवरची घासण किंवा दोन ओळींतील अक्षरांची वेगळी ठेवण उमटते. 1992 च्या बालदूध पर्याय कायद्यानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या अशा डब्यावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापण्यास मनाई आहे आणि आईचे दूध सर्वोत्तम असल्याची सूचना छापणे सक्तीचे आहे. त्यामुळे हसऱ्या बाळाचे चित्र असलेला डबा आपल्या बाजारासाठी नियमानुसार तयार केलेला नाही, हे एका फोटोवरून कळते. दूध पाजण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर आयएसआय चिन्हाबरोबर IS 14625 हे मानक आणि CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा, आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकून पडताळता येतो. बाटलीवरच्या मापाच्या रेषा घासून पुसट झाल्या असतील तर ती बदलावी, कारण पाणी अंदाजाने घेतले की दूध पातळ किंवा घट्ट होते आणि दोन्ही बाळाला बाधक असतात.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवून टॉर्च एका बाजूने धरावा, म्हणजे चकाकी येत नाही आणि 8 व B किंवा 5 व S यांत गोंधळ होत नाही. एक फोटो नावाचा, एक तळाचा आणि एक न उघडलेल्या सीलचा असावा. तरीही सारे ठाकठीक दिसले म्हणून पावडर जंतुविरहित ठरत नाही, कारण ती मुळातच निर्जंतुक नसते आणि क्रोनोबॅक्टर कोरड्या पावडरीतही टिकून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, उकळलेले पाणी 70 अंश सेल्सिअसच्या खाली जाण्यापूर्वीच त्यात पावडर मिसळावी, मग दूध लगेच थंड करून पाजावे आणि दोन तासांनी उरलेले टाकून द्यावे. दोन महिन्यांपेक्षा लहान आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांना या जिवाणूचा धोका सर्वांत जास्त असतो. संशयास्पद डबा फेकून न देता सील, खोके आणि पावतीसह वेगळा ठेवावा आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 1800-112-100 या निःशुल्क क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे कळवावे. मात्र बाळ दूध घेत नसेल, सुस्त पडले असेल किंवा त्याला ताप असेल, तर उत्तराची वाट न पाहता त्याला आधी दवाखान्यात न्यावे.