रिकाम्या खोक्याचं वजन

साड्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मैत्रिणीने मला ॲड केलं. पहिल्याच फोटोखाली लिहिलं होतं, ‘७५०+$’. साडी इचलकरंजीची, मग हा डॉलर कुठून आला? दोन दिवसांनी उलगडा झाला. डॉलरचं चिन्ह म्हणजे शिपिंग, म्हणजे कुरिअरचा खर्च वेगळा. किती वेगळा, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, ‘पत्ता पाठवा, मग सांगते.’

विकणारी लबाड आहे, असा ग्राहकाचा समज इथेच होतो. मलाही तसंच वाटलं होतं. पण माझी आतेबहीण नाशिकला दिवाळीचा फराळ करून विकते, आणि तिचा हिशेब जवळून पाहिल्यावर मत बदललं. ती आकडा लपवत नव्हती, तो तिलाच ठाऊक नव्हता.

गेल्या दिवाळीत ताईच्या पोस्टवर ‘पातळ पोह्यांचा चिवडा, ४५०/- किलो’ एवढंच होतं. नागपूरच्या एका बाईंनी चार घरांसाठी प्रत्येकी एक किलो मागवायचं ठरवलं. मग चॅटवर एकेक गोष्ट निघत गेली. पॅकिंगचे ३० रुपये. त्यावर जीएसटी. कुरिअरचं दुकानात विचारून सांगते म्हणाली, तर तिथून १३० हा आकडा आला. त्यावरही जीएसटी. किलोमागे एकूण साडेसहाशेला जेमतेम दहा रुपये कमी. ‘अहो, साडेचारशे लिहिलंय ना तुम्ही?’ एवढा शेवटचा मेसेज, पुढे काही नाही. बाईंना किंमत जास्त वाटली असेल, नाही असं नाही. पण एकाच चिवड्याची किंमत अर्ध्या तासात चार वेळा वाढली, हे त्यांना जास्त लागलं असणार.

यंदा आम्ही दोघी कागद-पेन घेऊन बसलो, आणि पहिली मोजपट्टी लावली ती खोक्याला.

कुरिअरवाले पार्सल नुसतं काट्यावर ठेवत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात आणि त्याला ५०००ने भागतात. येईल तो आकडा म्हणजे आकारमानाचं वजन. हा भाजक कंपनीगणिक थोडा बदलतो, पण ५००० हा नेहमीचा. काट्यावरचं वजन आणि हे वजन, यांत जे जास्त त्याचे पैसे लागतात. लाडू पाठवणाऱ्याला याची झळ फारशी लागत नाही. चिवडा मात्र नुसती हवा. ताईचं खोकं ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटरचं. गुणाकार १५,०००, भागिले ५०००, म्हणजे ३ किलो. आत चिवडा एक किलो आणि खोकं, बबल रॅप धरून काट्यावर सव्वा किलोच्या आसपास. उरलेल्या पावणेदोन किलोंचे पैसे ताई रिकाम्या जागेसाठी मोजत होती, आणि ते नागपूरच्या बाईंकडून मागत होती.

अर्धा अर्धा किलोच्या दोन पिशव्या शेजारी शेजारी उभ्या ठेवल्या तर २५ बाय २० बाय २० च्या खोक्यात नीट बसतात. त्याचा गुणाकार १०,०००, म्हणजे २ किलो. ताईच्या कुरिअरवाल्याचा महाराष्ट्रातला दर ३ किलोला १३० आणि २ किलोला ९० आहे. चाळीस रुपये तिथेच सुटले. पोस्टवर ‘शिपिंग एक्स्ट्रा’ लिहून भागत होतं, तोवर हे खोकं मोजायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

आता कर. नमकीन, म्हणजे चिवडा-शेव वगैरे, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांत आलं. चिवडा ४५०, पॅकिंग ३०, मिळून ४८०. त्यावर ५ टक्के २४. झाले ५०४. पाकिटावर एमआरपी छापायची ती हीच, कारण एमआरपी म्हणजे सर्व करांसह कमाल किंमत. ‘एमआरपी अधिक जीएसटी’ असं कुणी मागत असेल तर ते सरळ बेकायदा आहे. कुरिअर ९०. ते ताई ग्राहकाकडून घेते, म्हणून ते त्याच विक्रीचा भाग धरलं जातं आणि त्यावर चिवड्याचाच दर लागतो, ५ टक्के, साडेचार रुपये. पैसे वर करून ९५. एकूण ५९९.

गेल्या वर्षी चॅटवर साडेसहाशेपर्यंत गेलेला चिवडा यंदा पोस्टवरच ५९९ आहे, आणि ताईच्या पदरात पडणारे ४५० तसेच आहेत.

महाराष्ट्राबाहेर तिला २ किलोच्या खोक्याला १५० पडतात, म्हणून तिथला आकडा ६६२. घरून नेला तर ५०४. दोन किलो एकाच खोक्यात घातले, तर ते खोकं ४ किलोत जातं आणि राज्यात १५० लागतात, म्हणून दोन किलोंची किंमत ११६६. एका किलोची दुप्पट केली असती तर ११९८ झाले असते. घरपोच किंमत लावताना इथेच गफलत होते. एका नगात कुरिअर मिसळलं की दोन-तीन नग घेणारा ग्राहक तेच कुरिअर पुन्हा पुन्हा भरतो, आणि ‘फ्री डिलिव्हरी’ म्हणून आनंदाने भरतो. तेव्हा दोन किलोंचा आकडा वेगळा लिहायलाच हवा.

करासहित किंमत लिहिल्यावर बिल करताना कर बाहेर काढावा लागतो, तिथेही बरेच जण चुकतात. ५०४ चे ५ टक्के काढायचे नाहीत, ते २५ रुपये २० पैसे होतात. ५०४ ला ५ ने गुणून १०५ ने भागायचं, म्हणजे बरोबर २४. पाच टक्क्यांत फरक रुपयाचा. १८ टक्क्यांच्या वस्तूत मात्र तो बोचतो. ११८० रुपयांत कर १८० असतो, पण सरळ १८ टक्के काढले तर २१२ च्या वर जातो.

जीएसटीची नोंदणीच नसेल, तर तो मागताच येत नाही. कंपोझिशन योजनेत असलेल्यांनाही बिलावर कर लावता येत नाही, त्यांनी तो आपल्या किमतीतूनच भरायचा. ‘माझी उलाढाल ४० लाखांच्या आत, मला नोंदणी कशाला?’ हे राज्यातल्या राज्यात ठीक. चिवडा बेंगळुरूला पाठवायचा तर पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते. ताईने ती त्यासाठीच केली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. किंमत लपवली की जास्त विकलं जातं. अमेरिकेत तिकिटं विकणाऱ्या स्टबहब या साइटवर २०१५ मध्ये मोठा प्रयोग झाला. काही ग्राहकांना सेवाशुल्क धरून किंमत पहिल्यापासून दाखवली, काहींना शेवटच्या पानावर. शुल्क शेवटी कळलेल्यांनी सुमारे २१ टक्के जास्त खर्च केला. एकदा जागा निवडली, मन गुंतलं, की माणूस माघार घेत नाही. पण तिथे पैसे भरायला एक बटण असतं आणि समोर कुणी नसतं. ताईकडे बटण नाही, चॅट आहे. तिथे दर आकड्याला ग्राहकाला ‘कळवते’ म्हणायची संधी मिळते. शिवाय मैफलीचं तिकीट एकदाच घेतात, चिवडा पुढच्या दिवाळीतही लागतो.

कायद्याने तर हा प्रश्न कधीच निकाली काढलाय. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने एकूण किंमत एकाच आकड्यात सांगायची आणि सोबत फोड द्यायची, त्यात डिलिव्हरी, टपाल-हाताळणी आणि कर सगळं आलं. हौसेने एखादी जुनी वस्तू विकणाऱ्याला हे लागू नाही. नेमाने धंदा करणाऱ्याला आहे, मग दुकान इन्स्टाग्रामवर का असेना. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाला फसवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी आहे, तिच्यात किंमत अशी थेंबाथेंबाने सांगणंही आहे.

ताईची पोस्ट आता अशी आहे: ‘पातळ पोह्यांचा चिवडा, १ किलो. महाराष्ट्रात घरपोच ₹५९९, सर्व करांसह (चिवडा ५०४ + कुरिअर ९५). राज्याबाहेर ₹६६२. २ किलो महाराष्ट्रात ₹११६६. नाशिकमध्ये घरून नेल्यास ₹५०४. हे दर दिवाळीपर्यंत.’ हे सगळं फोटोवरच छापलंय. कॅप्शनमध्ये लिहिलं तर इन्स्टाग्राम दोन ओळींनंतर ते दुमडून टाकतं, आणि व्हॉट्सॲपवर फोटो पुढे पाठवताना मजकूर मागे राहू शकतो. मुदत लिहिली नाही, तर मार्चमध्ये कुणीतरी तोच फोटो दाखवून त्याच भावात मागतं. कॅश ऑन डिलिव्हरीचा आकार तिने एकूण आकड्यात धरलेला नाही, तो ग्राहकाच्या मर्जीचा. पण त्याचाही आकडा खाली लिहिलाय.

अमेरिकेतल्या भाचीसाठी मागवणाऱ्यांना मात्र एकच आकडा देता येत नाही. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस तिथे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली आयात करातली सूट काढून घेतली गेली, आणि तिकडे काय लागेल ते नाशिकमध्ये बसून ठरत नाही. तिथे ताई स्वच्छ लिहिते: ‘कुरिअर यात धरलंय, तिथली कस्टम ड्युटी धरलेली नाही.’ न धरलेल्या खर्चाचं नाव घेतलं, तरी ग्राहकाला निदान कुठे चौकशी करायची ते कळतं.

घेणाऱ्यांनीही ‘प्राइस प्लीज’ विचारणं सोडावं. ‘माझ्या पिनकोडला घरपोच एकूण किती?’ असं विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. जीएसटी वेगळा मागितला, तर त्यांचा १५ आकडी-अक्षरी जीएसटी क्रमांक मागावा. महाराष्ट्रातल्या विक्रेत्याचा तो २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नोंदणी खरी की खोटी, नेहमीची की कंपोझिशनची, तेही दिसतं. एवढं करूनही ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.