दोन लाख पस्तीस हजारांची फांदी

एका पतसंस्थेच्या वहीत दहा जुनी कर्जं आहेत असं समजू. उदाहरण मी रचलेलं आहे आणि आकडे मुद्दाम लहान घेतले आहेत, म्हणजे वाचता वाचता कागदावर हिशेब करून पाहता येईल. दहापैकी सहा जणांनी कर्ज फेडलं, चौघांचं थकलं. प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टींची नोंद आहे: वय, नोकरी की व्यवसाय, कर्जाची रक्कम, आणि महिन्याच्या उत्पन्नातला किती भाग हप्त्यात जातो. या वहीवरून संगणकाने स्वतःच नियम शोधायचे आणि नव्या अर्जदाराला कर्ज द्यावं की नाही ते सांगायचं. मशीन लर्निंगमधली ‘डिसिजन ट्री’ ही पद्धत हे काम हो-नाहीचे प्रश्न विचारत करते. एका प्रश्नाने माणसांचे दोन गट पडतात, प्रत्येक गटाला पुढचा प्रश्न. जिथे प्रश्न थांबतात ते झाडाचं पान, आणि पानावर निर्णय.

पहिला प्रश्न कोणता हे ठरवायला एक माप लागतं. ते इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोर्राडो जिनी यांच्या नावाने ओळखलं जातं. दहा चिठ्ठ्यांतून न बघता एक काढली, परत टाकली, पुन्हा एक काढली, तर एक ‘फेडलं’ आणि दुसरी ‘थकलं’ अशी निघण्याची शक्यता किती? आपल्या वहीत ती ०.४८ आहे. गट जितका सरमिसळ, तितका हा आकडा मोठा. सगळे एकाच प्रकारचे असतील तर शून्य.

‘नोकरी आहे का?’ हा प्रश्न विचारून पाहू. समजा पाच नोकरदारांपैकी तिघांनी फेडलं, आणि व्यावसायिकांचंही अगदी तसंच. दोन्ही गटांत आकडा ०.४८ च राहिला, म्हणजे या प्रश्नाने काहीच हाती लागलं नाही. आता विचारू, ‘हप्ता उत्पन्नाच्या ४० टक्क्यांहून जास्त आहे का?’ हो म्हणणारे चार, त्यातल्या तिघांचं थकलं. नाही म्हणणारे सहा, त्यातल्या पाच जणांनी फेडलं. दोन्ही गटांची सरासरी, गटाच्या आकाराच्या प्रमाणात काढली, तर सुमारे ०.३२ येते. संगणक सगळ्या रकान्यांवर, प्रत्येक शक्य सीमारेषेवर हा हिशेब करून पाहतो. आपल्या वहीत हाच प्रश्न सर्वांत सरस ठरतो असं धरू.

इथेच थांबलो तर झाडाला दोन पानं आहेत, आणि दहापैकी आठ निकाल बरोबर येतात. नियमही पटण्यासारखा आहे. पण संगणकाला कोणी ‘थांब’ सांगितलेलं नाही. दोन चुका शिल्लक आहेत, म्हणून तो पुढे जातो.

जास्त हप्ता असूनही ज्याने फेडलं तो ५२ वर्षांचा आहे. त्या गटातले बाकीचे २९, ३४ आणि ४१ वर्षांचे. संगणक ४१ आणि ५२ च्या मधोमध रेघ मारतो: वय साडेशेचाळीसहून जास्त असेल तर फेडेल. दुसऱ्या गटात ज्याचं थकलं त्याचं कर्ज २,३५,००० रुपयांचं. त्याच्या आगेमागे २,००,००० आणि २,५०,००० घेणारे आहेत, आणि त्या दोघांनी नीट फेडलं आहे. मग दोन रेघा मारल्या जातात, एक २,१७,५०० वर आणि एक २,४२,५०० वर. निष्पन्न काय, तर हप्ता उत्पन्नाच्या मानाने माफक असला, तरी या दोन रकमांच्या मधलं कर्ज मागणारा माणूस बुडवणार! आता झाडाला पाच पानं झाली आणि दहाच्या दहा उत्तरं बरोबर आली.

या माणसाचं कर्ज का थकलं? समजा घरात मोठं आजारपण आलं आणि पैसा दवाखान्यात गेला. वहीत आजारपणाचा रकाना नाही. संगणकाला मात्र फरक दाखवायचाच आहे, त्यामुळे खरं कारण सापडत नाही तेव्हा तो हाताशी असलेल्या रकान्यांतलं काहीतरी त्याच्या जागी बसवतो. वय आणि रक्कम असे आकड्यांचे रकाने असले की एका माणसाला इतरांपासून वेगळं काढणारी रेघ जवळजवळ नेहमीच सापडते. आणि एकाच माणसाचं पान जिनीच्या मापाने सदैव शुद्ध असतं. ओव्हरफिटिंग म्हणतात ते हेच: नियमासोबत योगायोगही शिकला जातो, आणि दोन्ही सारख्याच विश्वासाने सांगितले जातात.

पुढच्या वर्षीची दहा कर्जं घेऊन दोन्ही झाडं तपासू. या वेळीही जास्त हप्त्याचे चार जण आहेत आणि तिघांचं थकलं. पण त्यातले दोघं पन्नाशीपुढचे आहेत, आणि फेडणारा ३८ वर्षांचा आहे. मोठं झाड इथे तीन चुका करतं, लहान झाड एक. कमी हप्त्याच्या सहा जणांत १,८०,००० घेणाऱ्याचं थकलं आणि २,३०,००० घेणाऱ्याने फेडलं. मोठं झाड दोन्हीकडे चुकतं, लहान एकीकडे. म्हणजे लहान झाडाने पूर्वीसारखेच आठ निकाल बरोबर दिले, आणि दहापैकी दहा मिळवणारं झाड पाचावर आलं.

वर्गातल्या स्लाइडवर हे दोन रेषांनी दाखवतात. झाड वाढत जाईल तशी जुन्या नोंदींवरची चूक खाली खाली जाते, न पाहिलेल्या नोंदींवरची आधी खाली येते आणि मग पुन्हा वर चढू लागते. म्हणून काही कर्जं सुरुवातीलाच बाजूला ठेवतात आणि झाड वाढवताना संगणकाला दाखवत नाहीत. आणखी एक चाचणी मला फार उपयोगी वाटते: एक नोंद काढून झाड पुन्हा बनवायचं. २,३५,००० वाला वहीतून काढला तर ती अख्खी फांदी नाहीशी होते. एका माणसावर उभ्या असलेल्या नियमाने दुसऱ्याचा अर्ज फेटाळला जाऊ नये.

उपाय दोन तऱ्हांचे आहेत. पहिला, वाढ आधीच रोखणं. पायथनमधल्या scikit-learn मध्ये काही सांगितलं नाही तर झाड सहसा पानं शुद्ध होईपर्यंत वाढत राहतं. त्याला लगाम असा घालतात:

```
DecisionTreeClassifier(max_depth=3, min_samples_leaf=20)
```

म्हणजे एकाखाली एक तीनपेक्षा जास्त प्रश्न नकोत, आणि कुठल्याही पानावर वीसपेक्षा कमी माणसं नकोत. अर्थात असं पान करायला वहीत दहा नाही, शेकडो कर्जं हवीत.

दुसरा उपाय ब्राइमन, फ्रीडमन, ओल्शन आणि स्टोन यांनी १९८४ च्या पुस्तकात मांडला: झाड पूर्ण वाढू द्या, मग छाटा. आधीच थांबलो तर वरून किरकोळ दिसणाऱ्या प्रश्नाखाली दडलेला चांगला प्रश्न हातचा जातो. छाटताना विचारायचं की या फांदीच्या प्रत्येक जादा पानामागे किती चुका वाचल्या? रकमेच्या फांदीत दोन जादा पानं आणि एक चूक वाचली, म्हणजे पानामागे अर्धी. वयाच्या प्रश्नात पानामागे एक. हप्त्याच्या पहिल्या प्रश्नाने चार चुकांच्या दोन केल्या, म्हणजे एका जादा पानामागे दोन. सर्वांत कमकुवत फांदी आधी कापायची, आणि किती कापल्यावर थांबायचं ते बाजूला ठेवलेल्या नोंदींवर पाहायचं. आपल्या झाडात रकमेची फांदी आधी जाते, मग वयाची. उरतो हप्त्याचा प्रश्न.

छाटणीने मात्र एक उणीव भरून निघत नाही. वहीत फक्त कर्ज मिळालेली माणसं आहेत. ज्यांना दारातूनच परत पाठवलं, त्यांच्यातल्या किती जणांनी फेडलं असतं हे कुठेच नोंदलेलं नाही, आणि बाजूला ठेवलेली कर्जंही त्याच वहीतली असल्याने चाचणीत हे दिसत नाही. ते कळण्याचा थेट मार्ग म्हणजे झाडाने नकार दिलेल्या काही अर्जदारांना छोट्या रकमेची कर्जं देणं, आणि ती फेडली जातात का ते वहीत लिहिणं.