राउटरशेजारची हार्ड डिस्क

फोनवर वाय-फायच्या सगळ्या रेषा भरलेल्या दिसतात, पण साधा फोटो पाठवायचा म्हटलं की चक्र नुसतं फिरत राहतं. दिवाणखान्यात सगळं सुरळीत, मागच्या खोलीत मात्र व्हिडिओ कॉल अडखळतो. इंटरनेट कंपनीचा माणूस येतो, राउटरला जोडलेल्या तारेवर वेग मोजतो, तो पुरेपूर भरतो आणि तो निघून जातो. अशा घरात राउटरच्या मागे एकदा डोकावून पाहावं. तिथल्या निळ्या यूएसबी पोर्टात हार्ड डिस्क खोचलेली असेल, तर दोष बहुधा तिथेच आहे.

ही ऐकीव गोष्ट नाही. इंटेल कंपनीने २०१२ साली यावर एक सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडताच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला रेडिओ-गोंगाट सुमारे २० डेसिबलने वाढतो, असं त्यांच्या मोजणीत दिसलं. २० डेसिबल म्हणजे शंभर पट.

असं होण्याचं कारण यूएसबी ३ च्या वेगातच आहे. या तारेतून सेकंदाला ५ अब्ज बिट धावतात. एक आणि शून्य आलटून-पालटून आले की दोन बिटांची मिळून एक लाट होते, म्हणजे सेकंदाला अडीच अब्ज लाटा, म्हणजेच २.५ गिगाहर्ट्झ. आपलं जुनं वाय-फाय २.४ ते २.४८ गिगाहर्ट्झवर चालतं, अगदी त्याला खेटून. शिवाय यूएसबीतला डेटा मुद्दाम विस्कटून पाठवला जातो, त्यामुळे त्याची ऊर्जा एका टोकदार ठिकाणी न राहता आजूबाजूला पसरते आणि वाय-फायचा सगळा पट्टा व्यापते. म्हणूनच राउटरमध्ये चॅनेल १ चा ६ किंवा ११ केला तरी फारसा फरक पडत नाही. हा गोंगाट चाळणी लावून काढताही येत नाही, कारण यूएसबीचा खरा संदेशही त्याच लाटांवर स्वार असतो. तो तारेतून, कनेक्टरच्या फटीतून आणि डिस्कच्या प्लॅस्टिकच्या खोक्यातून बाहेर झिरपतो. धातूचं आवरण नीट नसलेली स्वस्त केबल किंवा हब असेल, तर जास्तच.

मग फोनवर रेषा भरलेल्या का दिसतात? त्या रेषा राउटरचा आवाज फोनपर्यंत किती जोरात येतो एवढंच सांगतात. राउटरच्या कानाशी काय चाललंय, हे त्यांना ठाऊक नसतं. मांडवात बँडच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसासारखी राउटरची गत होते: त्याची हाक लांबवर पोचते, पण लांबून कोणी दिलेली ओ त्याला ऐकू येत नाही. फोन मुळातच राउटरपेक्षा क्षीण बोलतो, म्हणून आधी अपलोड बसतं. मागोमाग डाउनलोडही रडतं, कारण प्रत्येक तुकडा मिळाल्याची पोच फोनकडून आली नाही की राउटर तोच तुकडा पुन्हा पाठवतो.

माझ्या मावसबहिणीच्या घरी नेमकं हेच झालं होतं. टीव्हीखालच्या कपाटावर राउटर, त्याच्याच डोक्यावर कौटुंबिक फोटो आणि सिनेमांची डिस्क, दोन्हींना जोडणारी वीतभर केबल. हॉलमध्ये तक्रार नाही. दोन भिंतींपलीकडच्या खोलीत मुलाचा ऑनलाइन वर्ग सारखा तुटायचा. अशा घरातलं गणित ढोबळ आकड्यांत असं मांडता येतं. मागच्या खोलीतला फोन राउटरला उणे ६५ डीबीएम इतक्या जोराने ऐकू येतो आणि शांत वेळी गोंगाटाची पातळी उणे ९२ असते, असं धरू. दोहोंत २७ चं अंतर आहे, आणि ते वेगवान वाय-फायला पुरतं. डिस्क जोडली की गोंगाट उणे ७२ वर चढतो आणि अंतर उरतं अवघं ७. एवढ्यात जोडणी टिकते, पण अगदी खालच्या वेगावर. हॉलमधला फोन मात्र उणे ४५ ने ऐकू येत असल्यामुळे त्याच्याकडे अजूनही २७ शिल्लक आहेत, त्याला काहीच जाणवत नाही. म्हणून घरातले निम्मे लोक म्हणतात नेट बंद आहे, निम्मे म्हणतात छान चाललंय, आणि दोघंही खरं बोलत असतात.

खात्री करून घेणं सोपं आहे. ज्या खोलीत त्रास होतो तिथे लॅपटॉप न्यावा, तो २.४ गिगाहर्ट्झच्याच नेटवर्कला जोडावा आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये राउटरचा पत्ता देऊन हे चालू करावं. बऱ्याच घरांत पत्ता असा असतो:

```
ping -t 192.168.1.1
```

दोन-तीन मिनिटं ओळी पाहाव्यात. मधूनच `Request timed out.` येत असेल किंवा मिलिसेकंदांचे आकडे उड्या मारत असतील, तर लॅपटॉप न हलवता कोणाला तरी राउटरची डिस्क काढायला सांगावी. आधी राउटरच्या सेटिंगमधून ती सुरक्षितपणे बंद करावी, म्हणजे फाइली बिघडणार नाहीत. केबल निघताच आकडे स्थिरावले, तर चोर सापडला. यात नुसती फाइल कॉपी करणं थांबवून भागत नाही. यूएसबी ३ ची जोडणी जागी असेपर्यंत डेटा नसतानाही तारेतून संकेत वाहत राहतात, म्हणून केबल काढूनच पाहावं लागतं. रिकाम्या निळ्या पोर्टाची मात्र काळजी नको.

उपाय अंतराचा आहे. मावसबहिणीकडे मीटरभराची चांगल्या आवरणाची केबल घेऊन डिस्क खालच्या कप्प्यात, राउटरच्या अँटेनांपासून दूर ठेवली, आणि मुलाचा वर्ग तुटणं थांबलं. दुसरा उपाय मला अधिक आवडतो: डिस्क यूएसबी २ वर चालवणं. राउटरला काळं यूएसबी २ पोर्ट असेल तर ते वापरावं, किंवा मध्ये यूएसबी २ ची एक्स्टेंशन केबल घालावी. काही राउटरांच्या सेटिंगमध्येच यूएसबी ३ बंद करण्याची सोय असते. यूएसबी २ सेकंदाला साधारण ३० ते ४० मेगाबाइट देतं. टीव्हीवर सिनेमा पाहायला ते भरपूर आहे. मोठे बॅकअप मात्र रेंगाळतील.

फोन आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेले तर ते बहुतांशी सुटतात, कारण ५ गिगाबिटच्या यूएसबीची ऊर्जा त्या टापूत जवळपास शून्याला येते. पण घरातले स्मार्ट बल्ब आणि बरेचसे स्वस्त कॅमेरे फक्त २.४ वरच बोलतात, त्यांना दुसरी वाट नाही.

संगणकात खोचायच्या नखाएवढ्या वाय-फाय डोंगलचं दुखणं याहून तीव्र, कारण तिथे अँटेना आणि पेन ड्राइव्ह यांच्यात बोटभरही अंतर नसतं. इथे बहिरा होतो तो संगणक, त्यामुळे आधी डाउनलोड मरतं. वायरलेस माउसचा बाण अडखळत असेल, तर तोही बहुधा याच गोंगाटाचा बळी. डोंगल यूएसबी २ च्या एक्स्टेंशन केबलवर लावून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. लॅपटॉपमध्ये अँटेना बऱ्याचदा पडद्याच्या बिजागरीपाशी असते, म्हणून बाहेरची डिस्क त्याच्या पाठीमागे न ठेवता बाजूला लांब ठेवावी.

मागच्या खोलीसाठी नवा राउटर किंवा एक्स्टेंडर मागवण्याआधी हे एवढं करून पाहा. गोंगाट राउटरच्या शेजारीच असेल, तर एक्स्टेंडरचं बोलणंही त्याला त्याच गोंगाटातून ऐकावं लागणार आहे.