मळीत अडकलेलं लिथियम

साठेक मोबाइलच्या जुन्या बॅटऱ्या तराजूत टाकल्या तर काटा पावणेतीन किलोच्या आसपास थांबतो. त्यांची अॅल्युमिनियमची पाकिटं, तांब्याचा पातळ पत्रा, प्लॅस्टिकचा पडदा, ग्राफाइट आणि वासाने डोकं भणाणून सोडणारं द्रव बाजूला काढलं की हाती साधारण एक किलो काळी पूड उरते. ही लिथियम आणि कोबाल्टच्या ऑक्साइडची पूड. तिच्यात सुमारे ६०० ग्रॅम कोबाल्ट असतं आणि अवघं ७१ ग्रॅम लिथियम. धातू परत मिळवण्याच्या दोन्ही पद्धती याच किलोभर पुडीवर लावून पाहू. एक भट्टीची, म्हणजे पायरोमेटलर्जी. दुसरी आम्लाची, म्हणजे हायड्रोमेटलर्जी.

भट्टीची वाट दिसायला सरळ आहे. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ होबोकेन इथे युमिकोर कंपनीची अशी भट्टी आहे. तिथे बॅटऱ्या आधी सोलत बसण्याची गरज पडत नाही. चुनखडी, वाळू वगैरे मिसळून त्या थेट आत जातात. प्लॅस्टिक, द्रव आणि ग्राफाइट आत जळतात, म्हणजे मालच इंधनाला हातभार लावतो. अॅल्युमिनियमही ऑक्सिजन धरताना भरपूर उष्णता सोडतं. १४००-१५०० अंशांच्या पुढेमागे सगळं वितळलं की आत वाटणी होते, आणि ती ठरते कोणता धातू ऑक्सिजनला किती घट्ट धरून बसतो यावर. कोबाल्ट, निकेल आणि तांबं यांची पकड ढिली. ग्राफाइटमधला कार्बन त्यांच्याकडचा ऑक्सिजन ओढून घेतो आणि हे तिघं वितळलेल्या धातूच्या रूपात तळाशी जमतात. लिथियम आणि अॅल्युमिनियम मात्र ऑक्सिजन सोडायला तयार नसतात. ते वर तरंगणाऱ्या काचेसारख्या मळीत जातात. थोडं लिथियम क्लोरिन किंवा फ्लोरिनला धरून धुराबरोबरही निघून जातं.

म्हणजे आपल्या किलोभर पुडीतलं कोबाल्ट ९५ टक्क्यांहून अधिक हाती लागतं, आणि ७१ ग्रॅम लिथियम मळीत अडकतं. भट्टी हाकणाऱ्याला काळजी असते ती उलटीच: कोबाल्ट मळीत तर जात नाही ना? भट्टीत हवा जास्त झाली, कार्बन कमी पडला, की कोबाल्टही ऑक्साइड होऊन वर चढतं. स्वच्छ काचेत कणभर कोबाल्ट पडलं तरी ती निळी होते, पण ही मळी लोखंड-मँगनीजने आधीच काळवंडलेली असते. रंगावरून काही कळत नाही. नमुना काढून प्रयोगशाळेत धाडावा लागतो, आणि उत्तर येईपर्यंत भट्टी पुढे गेलेली असते.

मळीतून लिथियम काढता येतच नाही असं नाही. खडकातून लिथियम काढतात तसं मळीतूनही निघतं. पण मळीत ते इतकं विरळ झालेलं असतं की वर्षानुवर्षं तो खटाटोप कुणी केला नाही. मळी बांधकामात भर म्हणून जायची. लिथियम स्वस्त होतं तोवर कुणाला त्याचं दुःख नव्हतं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीने ही सोय संपवली. २०२७ च्या अखेरीपर्यंत निम्मं लिथियम आणि २०३१ पर्यंत ८० टक्के लिथियम परत मिळालं पाहिजे, असं ती सांगते. आपल्याकडच्या २०२२ च्या नियमांचा हिशेब वेगळा आहे. ते बॅटरीच्या कोरड्या वजनाचा किती टक्के भाग परत आला हे विचारतात, आणि २०२६-२७ पासून तो आकडा ९० टक्के आहे. ग्राफाइट आणि प्लॅस्टिक जाळून टाकणाऱ्या भट्टीला हे गणित मुळातच जड जातं. पण लिथियम वेगळं मोजायला न सांगणं ही या नियमातली उणीवच म्हणायला हवी, कारण ७१ ग्रॅम वजनात सहज हरवतात.

आता आम्लाची वाट. इथे बॅटऱ्या आधी पूर्ण डिस्चार्ज करून मग चिरडतात, चाळतात आणि काळी पूड वेगळी काढतात. बाजारात तिला ‘ब्लॅक मास’ म्हणतात. ही पूड ६० ते ८० अंशांच्या गरम सल्फ्युरिक आम्लात घुसळतात. पण नुसतं आम्ल पुरत नाही. पुडीतलं कोबाल्ट ज्या अवस्थेत असतं त्या अवस्थेत ते नीट विरघळत नाही. त्याला एक पायरी खाली उतरवायला हायड्रोजन पेरॉक्साइड घालावं लागतं. गंमत अशी की तेच पेरॉक्साइड पुडीत चुकून आलेल्या तांब्याच्या कपच्यांवर नेमकं उलटं काम करतं, आणि एरवी आम्लाला दाद न देणारं तांबंही पाण्यात उतरतं. म्हणजे हवा तो धातू ज्याने मिळाला, त्यानेच नको तोही आणला.

इथून पुढची सगळी मेहनत निवडणीची. मोबाइलच्या पुडीत कोबाल्टच मुख्य. गाड्यांच्या बॅटऱ्या मिसळल्या की निकेल आणि मँगनीजही येतात. पाण्याचा आम्लपणा हळूहळू कमी करत नेला की आधी लोखंड आणि मग अॅल्युमिनियम गाळ होऊन बसतं. अॅल्युमिनियमचा गाळ म्हणजे पातळ खळच. तो गाळणीचं कापड बुजवतो आणि जाता जाता कोबाल्ट-निकेलही पोटात घेऊन जातो. कॉस्टिक सोडा घाईने ओतला तर तो पडतो त्या जागीच पाणी आम्लारी होतं आणि निकेल तिथल्या तिथे गोठतं. गाळणीवरचा पांढुरका चोथा हिरवट दिसू लागला की समजायचं, माल कचऱ्यात चालला.

मग कोबाल्ट आणि निकेलची फारकत. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे सख्खे भाऊ, नुसत्या आम्लाने वेगळे होत नाहीत. त्यासाठी रॉकेलसारख्या तेलात एक फॉस्फरसयुक्त द्रव मिसळतात (सायनेक्स २७२ हे त्यातलं प्रसिद्ध नाव) आणि ते तेल धातूच्या पाण्याबरोबर घुसळतात. घुसळण थांबली की खाली निकेलचं हिरवं पाणी आणि वर कोबाल्ट उचललेलं गडद निळं तेल असे दोन थर उभे राहतात. तेच तेल ताज्या आम्लाने धुतलं की कोबाल्ट गुलाबी होऊन पाण्यात परततं. अनेक टप्प्यांत हे झालं की नव्या बॅटरीला चालेल इतकं शुद्ध कोबाल्ट सल्फेट मिळतं.

शुद्धतेच्या बाबतीत आम्ल जिंकतं असं सर्रास छापून येतं. ते अर्धंच खरं आहे. भट्टीतून निघतो तो कोबाल्ट, निकेल, तांबं आणि लोखंडाचा मिश्र गोळा, आणि तो बॅटरीच्या काहीही कामाचा नाही. त्यालाही शेवटी आम्लातच विरघळवावं लागतं आणि त्याच निळ्या तेलातून जावं लागतं. म्हणजे भट्टीवाल्यालाही आम्लाचा कारखाना हवाच. फरक एवढाच की अॅल्युमिनियम, फ्लोरिन, ग्राफाइट यांची कटकट आगीने आधीच निस्तरलेली असते. त्यामुळे मिसळीचा, घाणेरडा, कुठूनही आलेला माल भट्टीला चालतो. आम्लाच्या टाकीत मात्र चाळणीवर झालेली हयगय शेवटपर्यंत त्रास देते. नव्या बॅटरीच्या पुडीत तांब्या-लोखंडाचा सूक्ष्म कणही शॉर्ट सर्किटचं निमित्त होऊ शकतो.

ऊर्जेचा हिशेब तर याहून फसवा. १५०० अंश ऐकलं की भट्टी खादाड वाटते, आणि धूर पुन्हा तापवून मग झटकन थंड करण्याचा, त्यातलं फ्लोरिन धुण्याचा खर्च धरला तर ती आहेही. पण आम्लाची वाट काटकसरी दिसते ती तिची ऊर्जा दुसरीकडे लपलेली असते म्हणून. आपल्या एक किलो पुडीला कागदोपत्री दीड किलो सल्फ्युरिक आम्ल लागतं. हे आम्ल शेवटी सोड्याने मारावं लागतं, आणि त्यातून सव्वादोन किलोच्या आसपास सोडियम सल्फेट तयार होतं. किलोभर पुडीमागे दुपटीहून जास्त मीठ! आम्ल आणि कॉस्टिक सोडा बनवायला दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्यात खर्ची पडलेली वीज या कारखान्याच्या मीटरवर दिसत नाही, आणि ते मीठ नदीत सोडता येत नाही.

त्यात पाण्याची भर. निवडणीत लिथियमची पाळी सगळ्यात शेवटी येते. त्याला गाळ म्हणून बसवायला धुण्याचा सोडा घालतात. पण लिथियम कार्बोनेट थोडं पाण्यात राहतंच, आणि तेही उलट्या स्वभावाने: साध्या पाण्यात लिटरला १३ ग्रॅम, तर उकळत्या पाण्यात ७ ग्रॅम. म्हणून हे काम उकळीच्या जवळ करतात. तरी ७ ग्रॅम म्हणजे लिटरमागे सुमारे १.३ ग्रॅम लिथियम पाण्यातच राहतं. एक किलो पुडीला वीस लिटर द्रव धरला तर त्यात लिटरला साडेतीन ग्रॅम लिथियम असतं. तसाच सोडा टाकला तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक हातचं जाईल. ते टाळायला आधी साडेसोळा लिटर पाणी आटवून उरलेलं साडेतीन लिटरवर आणावं लागतं. मग नुकसान सहा-सात टक्क्यांवर येतं. एवढं पाणी नुसतं वाफ करायला दहा युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा लागते. ज्या साठ मोबाइलांपासून आपण निघालो, ते सगळे तितक्यात चौदा-पंधरा वेळा पूर्ण चार्ज झाले असते. चांगले कारखाने पाणी कमी वापरतात, निघालेली वाफ पुन्हा दाबून तिच्याच उष्णतेवर पुढचं पाणी आटवतात, आणि हा खर्च बराच खाली आणतात. पण तो शून्य होत नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही वाटांची ही झुंज कोबाल्टच्या जोरावर चालली होती, आणि तो जोर आता ओसरतो आहे. आपल्या रिक्षा, बस आणि कित्येक गाड्यांमध्ये लिथियम-लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या आहेत. त्यांत ना कोबाल्ट ना निकेल. मोलाचं असं फक्त लिथियम, तेही पुडीच्या ४.४ टक्के. ही पूड भट्टीत घातली तर तळाशी लोखंड आणि मळीत लिथियम, म्हणजे हाती धुपाटणं. सौम्य आम्लात मात्र पेरॉक्साइड टाकून लिथियम तेवढं बाहेर काढता येतं आणि लोह फॉस्फेट न विरघळता खाली राहतं.

कोबाल्टच्या पुडीसाठी मधली एक वाट सध्या लक्ष वेधते आहे. पूड तिच्याच ग्राफाइटसोबत, हवा बंद करून, ६५०-७०० अंशांवर भाजायची. वितळवायची नाही. या तापमानाला कोबाल्टची ऑक्सिजनवरची पकड सुटते आणि लिथियम कार्बनशी जुळून कार्बोनेट होतं. मग आम्ल लागत नाही. भाजलेली पूड साध्या पाण्याने धुतली की लिथियम सगळ्यात आधी बाहेर येतं आणि कोबाल्ट मागे राहतं. मात्र इथे पाणी गरम करायचं नाही. गरम पाण्यात चटकन विरघळेल अशी सवयीने समजूत असते, आणि ती या पदार्थाला लागू पडत नाही. तरी आपल्या किलोभर पुडीतून निघणाऱ्या पावणेचारशे ग्रॅम कार्बोनेटला एकोणतीस लिटर गार पाणी लागतं. ते कमी करायला त्या पाण्यात दाबाने कार्बन डायऑक्साइड सोडतात, सोडावॉटरसारखा. मग लिथियम बायकार्बोनेट होऊन कितीतरी जास्त विरघळतं. पाणी गाळून तापवलं की वायू उडून जातो आणि पांढरी पूड तळाशी बसते.